झोपाळा कुठे गेला?

गुहागरजवळचं आमचं आजोळ दोन वर्षांपूर्वी विकलं. उरला एकच बरा फोटो. म्हटलं, आजीच्या पंच्याहत्तरीला त्याचंच वॉटरकलर करून फ्रेम द्यावी. ब्रश हातात धरता येत नाही तर काय झालं? कॉम्प्युटर आहे की!

फोटोशॉपच्या रेडिमेड `Watercolor` फिल्टरने सावल्या काळ्याकुट्ट केल्या, म्हणून ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमधला `Kuwahara` लावला. हा फिल्टर १९७६चा, हृदयाच्या धूसर प्रतिमा स्वच्छ करायला निघालेला. प्रकार `Classic`, `Size` १२. झाडं, कौलं, आभाळ, सगळं झक्कास रंगात भिजलं. प्रिंट आजीला दाखवली.

‘छान आहे गं. कुणाचं घर?’

विकेटच गेली! नीट पाहिलं तर ओटीवरचा झोपाळा गायब. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा नुसता करडा ठिपका. घर तेच होतं, पण आजीच्या खुणा पुसल्या होत्या.

कारण सोपं आहे. हा फिल्टर प्रत्येक ठिपक्याभोवती चार चौकोन धरतो, त्यातला सर्वांत एकसारख्या रंगाचा निवडतो आणि त्याचा सरासरी रंग तिथे भरतो. म्हणून छपराची मोठी कड धारदार राहते, साध्या ब्लरसारखी विरघळत नाही. पण `Size` १२ला चौकोन १३ पिक्सेलचा होतो. माझ्या फोटोत झोपाळ्याच्या कड्या जेमतेम ६ पिक्सेल रुंद. त्यांच्यात अख्खा मावेल असा चौकोनच नाही, मग मागची भिंतच जिंकते. बारीक वस्तू आधी मरतात, त्या अशा.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. फोटो शंभर टक्के झूम करून, ज्यावाचून घर ओळखू येणार नाही ती सर्वांत बारीक वस्तू मोजली. त्या ६ पिक्सेलच्या कड्या. `Size` ४ला चौकोन ५चा, म्हणजे आत मावतो. पण सगळीकडे ४ ठेवलं तर झाडं फोटोसारखीच दिसतात, रंगाची मजा जाते. म्हणून दोन प्रती काढल्या, १२ची आणि ४ची. जिंपमध्ये १२ची वर ठेवून तिला मास्क लावला आणि झोपाळा, वृंदावन, दाराची चौकट यांवर मऊ काळा ब्रश फिरवला, की तिथे खालची ४ची दिसते. ब्रश कडक असेल तर जोड चिकटवल्यासारखा दिसतो. माझा पहिल्यांदा तसाच दिसला. सावल्या मात्र फिल्टरच्या आधीच उजळून घेतल्या, नाहीतर ओटीखालचा अंधार एकच डाग होतो. कागदाचा पोत अगदी शेवटी, सगळ्यावर एकदमच दिला. त्याने दोन्ही प्रती एका हाताच्या वाटू लागल्या.

प्रिंटला पाठवण्याआधी चित्र स्क्रीनवर टपाल तिकिटाएवढं करून पाहिलं. एवढ्यातही छप्पर, ओटी, वृंदावन वेगवेगळं कळत होतं. झोपाळा तेवढ्यात दिसत नाही, तो मोठ्यातच तपासावा लागला.

दुसरी प्रिंट आजीने चष्मा पुसून पाहिली. ‘डावीकडची कडी जरा वाकलेली होती,’ म्हणाली. ‘तुझ्या मामाने लोंबकळून वाकवली.’

मी झूम केलं. वाकलेलीच होती.