बेसनाच्या लाडवांचा हिशोब

बेसनाचे लाडू किती होतील, याचा अंदाज वाटीच्या मापावरून बांधला तर तो हमखास चुकतो. बेसन, तूप आणि पिठीसाखर एकत्र आल्यावर तूप पिठाच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत शिरते. त्यामुळे तीन जिन्नसांच्या वाट्यांची बेरीज केली तरी तेवढ्या वाट्या मिश्रण भरत नाही. चाळलेली पिठीसाखर हलकी भरते आणि दाबून भरली की त्याच वाटीत बरीच जास्त मावते. वजनाचे तसे नसते. जिन्नसांच्या वजनाची बेरीज करून भाजताना आणि वळताना होणारी थोडी घट वजा केली की तयार मिश्रणाचे वजन मिळते. त्याला एका लाडवाच्या वजनाने भागले की लाडवांची संख्या निघते.

समजा 1 किलो जाडसर बेसन, 500 ग्रॅम तूप आणि 750 ग्रॅम पिठीसाखर घेतली. एकूण वजन 2250 ग्रॅम झाले. यात पहिली घट भाजताना होते. बेसन कोरडे दिसले तरी त्यात थोडे पाणी असतेच आणि मंद आचेवर ते वाफ होऊन निघून जाते. ही घट पिठाच्या ओलसरपणावर आणि किती भाजले यावर ठरते, म्हणून ती प्रत्यक्ष मोजलेली बरी. रिकामी कढई आधी वजन करून ठेवावी. बेसन खमंग भाजून तूप सुटले आणि कढई गार झाली की तिचे पुन्हा वजन करावे. रिकामी कढई 1800 ग्रॅम होती आणि आता काटा 3230 ग्रॅम दाखवत असेल, तर आत 1430 ग्रॅम मिश्रण आहे. म्हणजे मूळच्या 1500 ग्रॅममधले 70 ग्रॅम कमी झाले.

बेसन रवाळ व्हावे म्हणून भाजत आल्यावर दुधाचा हबका मारतात. त्यातले पाणी लगेच उडून जाते, त्यामुळे ते दूध हिशोबात धरण्याचे कारण नाही. मिश्रण कोमट झाल्यावर 750 ग्रॅम पिठीसाखर मिसळली की वजन 2180 ग्रॅम होते. परातीला आणि हाताला लागून राहणारे 20 ग्रॅम सोडले तर वळायला 2160 ग्रॅम उरते. 40 ग्रॅमचा एक लाडू धरला तर 2160 भागिले 40, म्हणजे 54 लाडू होतात. काजू किंवा बेदाणे घातले तर त्यांचे वजनही मिळवावे. 80 ग्रॅम काजूंनी दोन लाडू वाढतात.

कागदावर 54 आले तरी परातीत 48च भरतात, असे बऱ्याचदा होते. त्याचे कारण लाडवाचा आकार. 48 लाडू झाले म्हणजे प्रत्येक लाडू 45 ग्रॅमचा वळला गेला. वजन 40वरून 45 ग्रॅमवर गेले तरी लाडवाचा व्यास साधारण 4 टक्केच वाढतो. चार सेंटिमीटरच्या लाडवात हा फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो आणि डोळ्यांना तो कळत नाही. म्हणून पहिले दोन-तीन लाडू काट्यावर तोलून हाताला अंदाज द्यावा आणि पुढे दर दहा-बारा लाडवांनंतर एक तोलून पाहावा. तेवढ्याच गोळ्याला पुरेल असा छोटा चमचा किंवा वाटी मापाला ठेवली, तर ती दर वेळी सारखीच दाबून भरावी लागते.

हाच हिशोब उलटाही करता येतो. 40 ग्रॅमचे 100 लाडू हवे असतील तर 4000 ग्रॅम मिश्रण लागेल. वरच्या प्रमाणात 1 किलो बेसनामागे 2160 ग्रॅम मिश्रण मिळते, म्हणून 4000 भागिले 2160, म्हणजे सुमारे 1.85 किलो बेसन लागेल. तुपाचे प्रमाण निम्मे, म्हणजे 925 ग्रॅम, आणि साखरेचे पाऊणपट, म्हणजे सुमारे 1.4 किलो. पूर्ण 2 किलो बेसन घेतले तर 108 लाडू होतील.

तूप मोजताना लिटर आणि किलो यांची गल्लत होते. एक लिटर तुपाचे वजन सुमारे 905 ते 910 ग्रॅम भरते. 500 ग्रॅमऐवजी अर्धा लिटर तूप ओतले तर सुमारे 45 ग्रॅम कमी पडते. संख्येत जेमतेम एका लाडवाचा फरक पडतो, पण मिश्रण कोरडे राहून लाडू वळताना फुटतात. अशा वेळी चमचा-चमचा पातळ तूप घालावे. उलट तूप जास्त झाले, किंवा मिश्रण गरम असतानाच साखर घातली, तर ते सैल होऊन वळलेले लाडू बसतात. साखर गरम असताना घातली असेल तर मिश्रण गार होऊन आळेपर्यंत थांबावे. तूपच जास्त असेल तर थोडे बेसन वेगळे कोरडे भाजून मिसळावे आणि त्या प्रमाणात साखरही घालावी. नंतर घातलेला प्रत्येक जिन्नस वजनात मिळवला, की संख्या पुन्हा त्याच भागाकाराने काढता येते.