दिसलं तरी सांगायचं नाही

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळ डोक्यापासून पावलांपर्यंत तपासलं जातं. मूत्राशय आणि मांड्यांची हाडं पाहताना बाळाचं लिंग न शोधताही नजरेस पडू शकतं. ते मी शोधायचं नसतं, आणि दिसलं तरी शब्दाने, खुणेने किंवा कशानेही सांगायचं नसतं. तपासणीआधी आई लिहून देते की तिला ते जाणून घ्यायचं नाही. फॉर्म एफवर मीही तसं प्रतिज्ञापत्र देतो.

खरी कसोटी लागते ती आजार सापडल्यावर. समजा, विसाव्या आठवड्यात मूत्राशय फुगलेलं आहे, दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे आणि गर्भजल कमी आहे. मूत्रमार्गातल्या झडपेमुळे असं होऊ शकतं, पण ती झडप मुलग्यांमध्येच आढळते. रिपोर्टात तिचं नाव लिहिलं की लिंग सांगितल्यासारखंच झालं. म्हणून मी जे दिसलं ते लिहितो आणि पुढे ‘मूत्रमार्गात अडथळ्याची शंका’ एवढंच नोंदवतो. मूत्रपिंडं किती बिघडली आहेत, पाणी कमी असल्याने फुप्फुसांची वाढ खुंटेल का, जन्मानंतर शस्त्रक्रिया लागेल का, हे मात्र आईवडिलांना सविस्तर समजावतो. निर्णय घ्यायला त्यांना हीच माहिती लागते, आणि त्यातलं काहीही लपवलेलं नसतं.

“आम्हाला मुलगीही चालेल, फक्त उत्सुकता आहे,” असं अनेक जण म्हणतात. बहुतेकांचं ते खरंही असतं. पण ज्यांच्यावर विश्वास बसतो त्यांनाच सांगायला लागलो, तर ज्यांना सांगितलं नाही त्यांना माझ्या गप्प राहण्यातूनच उत्तर मिळेल. मौन सगळ्यांशी सारखं असलं तरच त्याचा उपयोग. पेढा आणि बर्फी हे शब्द खुणेसाठी वापरले गेले, तेव्हापासून आमचं साधं अभिनंदनही संशयाचं झालं आहे.

परदेशात हीच माहिती सर्रास देतात, मग इथे बंदी का? कारण इथे तिचा वापर काय होतो ते आकड्यांत दिसलं आहे. 2011मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या भारतीय घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे 1990मध्ये 906 मुली जन्मत होत्या. 2005मध्ये ते प्रमाण 836वर आलं. निसर्गतः ते 950च्या आसपास असतं. महाराष्ट्राने 1988मध्येच कायदा केला, तो देशातला पहिला. केंद्राचा 1994चा. तरीही 2011च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 894 मुली होत्या, आणि बीड जिल्ह्यात जेमतेम 807.

या सक्तीचा जाचही होतो. फॉर्ममधली त्रुटी कायद्याने गुन्हाच धरली जाते आणि ती तशी नाही हे डॉक्टरला सिद्ध करावं लागतं. हा भार मला जड वाटतो, पण सोनोग्राफी कुणाची आणि कशासाठी झाली याचा दुसरा माग नसतो.

सोबत येणाऱ्या नातेवाइकांनी एक लक्षात ठेवावं. लिंग विचारून तपासणी करून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जिच्यावर सक्ती झाली त्या गर्भवतीला ही शिक्षा नाही. कुणी पैसे घेऊन सांगत असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा.