खुंट्या मोजा, मग ब्रिज पाहा

भाच्याला जुनी गिटार विकत घ्यायची होती. त्याने परवा फोटो पाठवून विचारलं, "मामा, हिला स्टीलच्या तारा चालतील ना?"

फोटो अंधुक होता, तारा एकमेकींत मिसळलेल्या. अशा वेळी मी तारांऐवजी नेकच्या टोकावरच्या, म्हणजे हेडस्टॉकवरच्या खुंट्या मोजतो. इथे दोन्ही बाजूंना तीन-तीन होत्या, म्हणजे तारा सहा. सहा-सहा असत्या आणि हेडस्टॉक लांबट असता, तर ती बारा तारांची गिटार ठरली असती. चारच खुंट्या, लांब नेक आणि जाड तारा दिसल्या तर बहुधा बास असते. चार खुंट्या आणि बॉडी अगदी चिमुकली असेल तर ती युकुलेले.

हेडस्टॉकमध्ये दोन लांब खाचा आरपार कोरलेल्या होत्या. क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारची ही नेहमीची खूण. शिवाय बॉडी गोलसर होती आणि कंबर ठळक. 'ड्रेडनॉट' या सर्वांत प्रचलित स्टील गिटारचे खांदे रुंद आणि कंबर कमी आवळलेली असते. एका युद्धनौकेवरून तिला हे नाव पडलं. या फोटोतली नेक बॉडीला बाराव्या फ्रेटपाशी जुळत होती. आजच्या बहुतेक स्टील गिटारांत ती चौदाव्यापाशी जुळते.

एवढ्यावर मी उत्तर दिलं नाही. जुन्या घडणीच्या काही स्टील गिटारांनाही खाचांचा हेडस्टॉक, बारावा फ्रेट आणि आवळ कंबर असते. खरा फरक ब्रिजवर कळतो आणि फोटोत ब्रिज नेमका विकणाऱ्याच्या हाताखाली झाकला होता. म्हणून दुसरा फोटो मागवला.

त्यात तारा ब्रिजच्या भोकांतून ओवून, वळसा घालून बांधलेल्या होत्या. स्टीलच्या गिटारवर बहुधा सहा छोट्या पिना ओळीने दिसतात आणि तारेचं टोक आत अडकवलेलं असतं. तीन पातळ तारा पारदर्शक होत्या. ही नायलॉनचीच गिटार.

भाच्याला म्हटलं, स्टील लावू नकोस. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण चाळीस किलो असतो, स्टीलच्या हलक्या संचाचाही सत्तरच्या वर जातो. क्लासिकल गिटारचं वरचं पातळ लाकूड आणि आतल्या पट्ट्या तेवढा ताण सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात. काही महिन्यांत ब्रिजमागचं लाकूड फुगतं, ब्रिज उचलला जातो, कधी सुटूनही येतो.

आधीच्या मालकाने हा प्रयोग केला होता का, हे पाहायला तिसरा फोटो मागितला. गिटार आडवी धरून, बाजूने उजेड पाडून काढलेला. ब्रिजच्या मागच्या कडेला कागद सरकेल एवढी फट दिसली. भाच्याने ती गिटार घेतली नाही.