कायद्याचा अर्थ लावताना : पागडी, आणि न बांधलेली इमारत

मागच्या भागात लिटरल, गोल्डन आणि मिस्चिफ या तीन नियमांची ओळख झाली. या वेळी त्यांची कसोटी एका खटल्यावर पाहू : तोलाराम रेलुमल विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५४.

मुंबई भाडे कायदा, १९४७ च्या कलम १८ नुसार भाडेपट्टा देण्याबद्दल घरमालकाने पागडी किंवा तशी रक्कम घेणे हा शिक्षापात्र गुन्हा होता. इथे इमारत अजून पुरी व्हायची होती. ती झाल्यावर जागा भाड्याने देऊ, एवढ्या करारावर रक्कम घेतली गेली. हा गुन्हा झाला का?

परीक्षेत उत्तराची सुरुवात कलमातल्या शब्दांपासून करा. लिटरल रूलने पाहिले तर भाडेपट्टा दिलाच गेलेला नाही, दिले आहे ते फक्त वचन. पण ‘देण्याबद्दल’ हा शब्द सैल आहे. पुढे द्यायच्या पट्ट्यासाठी आधी घेतलेले पैसेही त्यात बसवता येतात. म्हणजे दोन अर्थ निघतात, आणि ते दोन्ही उत्तरपत्रिकेत लिहून दाखवावे लागतात.

बरेच विद्यार्थी गोल्डन रूलवर घसरतात. ‘मालक सुटेल, हे विसंगत आहे’ असे लिहून मोकळे होतात. विसंगती कशाला म्हणतात ते इंग्लंडच्या आर. विरुद्ध ॲलन (१८७२) या खटल्यात दिसते. द्विविवाहाच्या कलमातल्या ‘लग्न करणे’चा अर्थ ‘वैध लग्न करणे’ असा घेतला असता, तर तो गुन्हा कोणाच्याच हातून घडू शकला नसता, कारण दुसरे लग्न मुळात वैध नसतेच. तिथे कलमच निकामी होत होते. तोलारामच्या बाबतीत तसे नाही. अरुंद अर्थ घेतला तरी तयार जागेचा पट्टा देताना घेतलेली पागडी गुन्हाच राहते. कायद्यात फट उरते, पण विसंगती येत नाही.

मिस्चिफ रूल मात्र मालकाच्या विरोधात जातो. जागांच्या टंचाईत भाडेकरूची लुबाडणूक थांबवणे हा कायद्याचा हेतू होता, आणि आगाऊ पैसे घेणे ही त्याच लुबाडणुकीची पळवाट. हा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडा. मग विचारा : केवळ हेतूच्या जोरावर माणसाला शिक्षा करता येते का? सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. दंडात्मक कलमाचे दोन वाजवी अर्थ निघत असतील तर शिक्षेतून सोडवणारा अर्थ घ्यावा, विधिमंडळाचा हेतू पार पाडण्यासाठी शब्द ताणू नयेत, असे सांगून आरोपीला निर्दोष सोडले. माझ्या मते हा निकाल बरोबर आहे. फट बुजवायची तर विधिमंडळाने बुजवावी, तीही पुढच्यांसाठी.

एक सावधगिरी बाळगा. संशयाचा हा फायदा शेवटी येतो, दुसरा अर्थ खरोखर वाजवी ठरल्यावरच. दह्यापासून काढलेले लोणी हे दुधाचे लोणी नव्हे, हा बचाव एम. व्ही. जोशी विरुद्ध एम. यू. शिंपी (१९६१) या खटल्यात टिकला नाही. तो पुढच्या भागात पाहू. तोवर कलम १८ वरचे तुमचे उत्तर एका पानात लिहून ठेवा.