राउटर बदलला, प्रिंटर अडला

इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला. फोन आणि लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकून झाला. प्रिंटरवर मात्र तो टाकायचा कुठे? एचपी डेस्कजेट 2700 मालिकेतल्या प्रिंटरला पासवर्ड लिहिता येईल असा स्क्रीनच नाही. त्याच्या स्मृतीत जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड आहे. तो तेच नेटवर्क शोधत राहतो आणि त्याचा वायफायचा दिवा लुकलुकत राहतो. प्रिंटर बिघडलेला नसतो.

नव्या राउटरवर डब्ल्यूपीएसचं बटण असेल, तर पासवर्ड लिहावाच लागत नाही. प्रिंटर राउटरजवळ आणा. प्रिंटरचं वायरलेस बटण दिवा लुकलुकू लागेपर्यंत, साधारण 5 सेकंद, दाबून धरा. त्यानंतर 2 मिनिटांच्या आत राउटरचं डब्ल्यूपीएस बटण दाबा. राउटर स्वतःच नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड प्रिंटरला देतो. दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. मुदत टळली तर पुन्हा पहिल्यापासून करायचं.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. कित्येक राउटरवर डब्ल्यूपीएस आणि रीसेट यांचं बटण एकच असतं. ते क्षणभर दाबलं तर डब्ल्यूपीएस सुरू होतं. बराच वेळ दाबून धरलं तर राउटरची सगळी सेटिंग पुसली जातात आणि घरभराचं इंटरनेट बंद पडतं. बटणाखाली दोन्ही नावं छापलेली दिसली, तर बोट लगेच उचला.

डब्ल्यूपीएस नेहमी मिळेलच असं नाही. 2011 मध्ये त्याच्या आठ आकडी पिन पद्धतीतली त्रुटी उघड झाली. पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासले जात असल्यामुळे साधारण 11,000 प्रयत्नांत ती सापडू शकते. बटणाच्या पद्धतीत ही त्रुटी नाही, तरी अनेकजण डब्ल्यूपीएस पूर्णच बंद ठेवतात. शिवाय राउटर फक्त डब्ल्यूपीए3 सुरक्षेवर चालत असेल, तर डब्ल्यूपीएस चालतच नाही.

अशा वेळी वायरलेस आणि कॅन्सल ही प्रिंटरची दोन्ही बटणं एकदम सुमारे 5 सेकंद दाबून धरा. जुनं नेटवर्क पुसलं जातं आणि पुढचे 2 तास प्रिंटर नव्या जोडणीसाठी तयार राहतो. मग फोनवरच्या एचपी ॲपमध्ये प्रिंटर निवडून पासवर्ड तिथेच लिहायचा. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू असू द्या, नाहीतर ॲपला प्रिंटर सापडत नाही.

सर्वांत सोपी वाट मात्र राउटरमध्येच आहे. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड, अगदी लहान-मोठ्या अक्षरांसकट, दिला आणि सुरक्षेचा प्रकारही पूर्वीचाच ठेवला, तर प्रिंटर आपणहून जोडला जातो. पासवर्ड जुन्या भाडेकरूला किंवा शेजाऱ्याला माहीत झाला म्हणून बदलला असेल, तर अर्थात हा मार्ग वापरू नये.

दिवा स्थिर असूनही संगणक प्रिंटरला ‘ऑफलाइन’ म्हणत असेल, तर नव्या राउटरने त्याला वेगळा आयपी पत्ता दिलेला असतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर कागद धाडत असतो. प्रिंटरच्या यादीतून जुनी नोंद काढून प्रिंटर नव्याने जोडला की छपाई सुरू होते.