एकाच रुग्णाची दोन मोजमापे

अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे जुने औषध. ठरलेल्या मात्रेत ते उपयोगी पडते, पण मात्रा हाताबाहेर गेली की हृदयावर ताण आणते. हे औषध जास्त प्रमाणात घेतल्यामुळे दाखल झालेल्या १७ रुग्णांच्या नोंदी १९८२ साली एम. व्ही. रुडॉर्फर यांच्या शोधनिबंधात आल्या. पुढे त्या जॉन्सन आणि विचर्न यांच्या पाठ्यपुस्तकात शिरल्या. हे पुस्तक भारतातल्या एम.एस्सी.च्या वर्गांतही चालते, त्यामुळे हे १७ रुग्ण संख्याशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांच्या ओळखीचे झाले आहेत.

प्रत्येक रुग्णाचे सात आकडे आहेत. त्यातले दोन रक्ताच्या तपासणीतून आलेले: या गटातल्या औषधांची रक्तातली एकूण पातळी, आणि त्या एकूणात निव्वळ अमिट्रिप्टिलिन किती. उरलेले पाच आकडे रुग्णाजवळ उभे राहून मिळतील असे: स्त्री की पुरुष, औषध किती घेतले, खालचा रक्तदाब, आणि ईसीजीवरची दोन मापे, पीआर व क्यूआरएस. या पाचांवरून पहिल्या दोनांचा अंदाज बांधायचा आहे.

माहीत असलेल्या गोष्टींवरून न मोजलेल्या आकड्याचा अंदाज बांधण्याच्या रीतीला रिग्रेशन म्हणतात. अंदाजाला हातभार लावणाऱ्या गोष्टी अनेक असल्या तर ते मल्टिपल रिग्रेशन. ज्यांचा अंदाज करायचा ती उत्तरेच एकाहून अधिक असली आणि ती एकत्र हाताळली तर ते मल्टिव्हेरिएट रिग्रेशन. इथे रक्तातले आकडे दोन आहेत. मग दोन वेगळी रिग्रेशन चालवायची, की दोन्ही एकाच दावणीला बांधायची?

‘आर’ या संगणकप्रणालीत दोन्ही एकत्र चालवायला एक ओळ पुरते:

```
m <- lm(cbind(TOT, AMI) ~ GEN + AMT + PR + DIAP + QRS)
```

`TOT` म्हणजे एकूण पातळी, `AMI` म्हणजे अमिट्रिप्टिलिन. ही ओळ पहिल्यांदा चालवणाऱ्याची बहुतेकदा निराशा होते. घेतलेले औषध एका एककाने वाढले की एकूण पातळी सुमारे ०.२८ ने आणि अमिट्रिप्टिलिन सुमारे ०.३१ ने वाढते, असे उत्तर येते. वेगवेगळी रिग्रेशन चालवली तरी हेच दोन आकडे येतात, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. याचे कारण साधे आहे. किमान वर्गांची पद्धत प्रत्येक उत्तरासाठी त्याच्याच चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करते, आणि त्या हिशेबात शेजारच्या स्तंभाला जागाच नसते. दोन्ही उत्तरांसाठी तेच पाच घटक वापरले, तर एकत्र बसवल्याने अंदाज तसूभरही सुधारत नाही. ‘एकत्र केले की अंदाज नेमका होतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या साध्या पद्धतीपुरते ते खरे नाही.

फरक दिसतो तो चुकांमध्ये. यादीतला पंधरावा रुग्ण पाहा. पुरुष, घेतलेले औषध ४५००, यादीत दुसऱ्या क्रमांकाची मात्रा. पाचही घटक लक्षात घेऊन गणित म्हणते की याची एकूण पातळी १०११ च्या आसपास असावी. प्रत्यक्षात ती ७८१ होती, म्हणजे अंदाज २३० ने चुकला. अमिट्रिप्टिलिनचा अंदाज ७५०, प्रत्यक्षात ५०१, म्हणजे २४९ ची चूक. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आणि जवळपास एकाच मापाच्या आहेत. हा योगायोग नाही, कारण अमिट्रिप्टिलिन हा एकूण पातळीचाच भाग आहे. औषध कमी शोषले गेले असेल किंवा शरीराने लवकर बाहेर टाकले असेल, तर दोन्ही आकडे सोबतच खाली येणार. सगळ्या १७ रुग्णांच्या चुकांची अशी सांगड घातली की त्यांच्यातला सहसंबंध जवळपास ०.८५ निघतो. दोन वेगळी रिग्रेशन चालवणाऱ्याच्या हाती हा आकडा लागतच नाही.

त्याने काय बिघडते? स्त्री-पुरुष फरकाचे घ्या. बाकी सगळे सारखे असताना स्त्रियांची एकूण पातळी पुरुषांपेक्षा सुमारे ६७६ ने जास्त आणि अमिट्रिप्टिलिन सुमारे ७६३ ने जास्त, असे उत्तर येते. दोन आकड्यांत ८७ चे अंतर आहे. या अंतराला वैद्यकीय अर्थ आहे. शरीर अमिट्रिप्टिलिनचे नॉरट्रिप्टिलिन बनवते, आणि एकूणातून अमिट्रिप्टिलिन वजा केले की साधारण तेच उरते. तेव्हा ८७ चा प्रश्न म्हणजे हे रूपांतर स्त्रियांत आणि पुरुषांत वेगळे होते का, असा प्रश्न आहे.

या ८७ वर भरवसा किती ठेवायचा? वेगवेगळ्या दोन रिग्रेशनांत ६७६ ची प्रमाण त्रुटी १६२ आणि ७६३ ची १६८. दोन्ही आकडे एकमेकांशी संबंध नसलेले मानून हिशेब केला तर अंतराची त्रुटी २३४ येते. ८७ वर २३४ ची अनिश्चितता असेल, तर तो प्रश्न तिथेच सोडावा लागतो. पण चुका सोबत वरखाली होतात हे धरले, की वजाबाकीत त्यांचा बराच भाग कटतो आणि त्रुटी ९२ वर येते. तरी ८७ हे ९२ पेक्षा कमीच आहे, त्यामुळे फरक सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण याच रुग्णांतून काढलेली अनिश्चितता निम्म्याहून खाली आली, आणि तीही एकही नवा रुग्ण न तपासता. (एवढ्या एका प्रश्नासाठी आडवाटही आहे: प्रत्येक रुग्णाच्या दोन पातळ्यांची वजाबाकी करून त्या फरकावरच साधे रिग्रेशन चालवायचे. उत्तर तेच येते.)

दुसरा घोटाळा ‘हा घटक ठेवू की काढू’ या प्रश्नात होतो. पीआर मापाचे पी-मूल्य एकूण पातळीसाठी ०.०३४ येते, म्हणजे रूढ ०.०५ च्या आत. अमिट्रिप्टिलिनसाठी ते ०.०७ येते, म्हणजे थोडक्यात बाहेर. वेगवेगळी रिग्रेशन चालवणारा इथे अडकतो. एक म्हणते ठेव, दुसरे म्हणते काढ. दोन संधी घेऊन एका ठिकाणी ०.०५ च्या आत येणे तसे सोपेही असते. ‘पीआरचा दोन्हींपैकी कशाशी तरी संबंध आहे का’ असा एकच प्रश्न एकत्रित चाचणीने विचारला की पी-मूल्य ०.१२ येते. दुसरे मोजमाप बरेचसे पहिल्याचीच री ओढत असल्याने नवा पुरावा थोडाच मिळतो, आणि चाचणी मात्र दोन प्रश्नांचा हिशेब लावते. याच्या उलटही घडू शकते. एखादा घटक सोबत चालणाऱ्या दोन मोजमापांना विरुद्ध दिशांना ढकलत असेल, तर वेगवेगळ्या चाचण्यांत तो निसटतो आणि एकत्रित चाचणीत पकडला जातो.

एकत्रित चाचणीचा तक्ता उघडला की चार नावे दिसतात: पिल्लई, विल्क्स, हॉटेलिंग-लॉली आणि रॉय. यातली दोन भारतीयांची आहेत. के. सी. श्रीधरन पिल्लई मूळचे केरळचे, पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. समरेंद्रनाथ रॉय कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिसांसोबत काम केलेले. बऱ्याचदा चारही चाचण्या एकाच बाजूला झुकतात. इथे तसे होत नाही. रक्तदाब, पीआर आणि क्यूआरएस ही तिन्ही मापे एकदम काढली तर चालेल का, असे विचारले की पिल्लई ०.२० देते, विल्क्स ०.१८, आणि रॉय ०.०४. रॉय यांची चाचणी परिणाम सर्वांत ठळक असलेली एकच दिशा निवडून पाहते, आणि तक्त्यातले तिचे पी-मूल्य ही फक्त खालची मर्यादा असते. खरे मूल्य त्याहून मोठे असू शकते. सोयीचा ०.०४ उचलून अहवालात टाकण्याचा मोह इथे होतो. तो टाळावा आणि कोणती चाचणी वापरणार हे आकडे पाहण्याआधीच ठरवावे.

ती तीन मापे काढून फक्त स्त्री-पुरुष आणि मात्रा ठेवली, तर १२०० मात्रा घेतलेल्या एखाद्या स्त्रीची एकूण पातळी सुमारे ९५९ आणि अमिट्रिप्टिलिन सुमारे ७५४ असेल, असा अंदाज येतो. वेगवेगळ्या हिशेबात पहिल्याची ९५ टक्के मर्यादा साधारण १५५ ते १७६० निघते, आणि दुसऱ्याची शून्यापासून १५०० च्या थोडी वर. दोन्ही मर्यादा कागदावर आखल्या की एक चौकोन तयार होतो, आणि त्या चौकोनात ‘एकूण २००, त्यातले अमिट्रिप्टिलिन १५००’ असला बिंदूही बसतो. भाग एकूणाच्या साडेसातपट! एकत्रित हिशेबात चौकोनाच्या जागी तिरकी, निमुळती लंबवर्तुळाकृती येते आणि असे कोपरे बाहेर पडतात. अर्थात भाग एकूणापेक्षा मोठा नसतो हे गणिताला कुणी सांगितलेले नाही, त्यामुळे किरकोळ उल्लंघन त्या आकृतीतही सापडते.

एकत्र बसवल्याने अंदाज स्वतःच बदलावा असे वाटत असेल, तर दोन उत्तरांमागचे घटक वेगळे असावे लागतात. अर्नोल्ड झेल्नर यांनी १९६२ साली हे मांडले. त्यांच्या उदाहरणात जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या दोन कंपन्यांची १९३५ ते १९५४ मधली गुंतवणूक होती. प्रत्येक कंपनीच्या समीकरणात तिचे स्वतःचे बाजारमूल्य आणि भांडवल होते, पण बाजाराचे झटके दोघींना सोबत बसत होते. अशा वेळी एका कंपनीच्या चुका दुसरीचा अंदाज सुधारतात.

पद्धत कोणतीही घ्या, आकड्यांतले दोष ती धुऊन काढत नाही. या १७ पैकी चार रुग्णांचा खालचा रक्तदाब शून्य नोंदवला आहे. बाकीच्यांचा ६० ते ९० आहे. शून्य हा इतरांसारखाच एक आकडा समजून संगणक त्यावरून सरळ रेषा ओढतो, आणि एकत्रित रिग्रेशनही तेच करते. शिवाय १७ रुग्णांत पाच घटक बसवल्यावर चुकांचे माप काढायला अकराच मोकळ्या नोंदी उरतात, तेव्हा ०.८५ हा सहसंबंधही सैल हातानेच धरायला हवा. आणखी एक व्यवहारातली अडचण आहे. वरच्या त्या ओळीत एखाद्या रुग्णाचे एकच मोजमाप राहून गेले असेल, तर ‘आर’ त्याची सगळी नोंद वगळते. वेगळ्या रिग्रेशनांत ती निदान एका बाजूला तरी वापरली गेली असती.

प्रश्न एकाच मोजमापाचा असेल, तर वेगळे रिग्रेशन पुरेसे आहे आणि त्यात कमीपणा नाही. प्रश्नात ‘दोन्ही’, ‘कोणत्यातरी’ किंवा ‘एकापेक्षा दुसऱ्यावर जास्त’ असे शब्द आले, की चुकांचा सहसंबंध काढल्याशिवाय उत्तर देऊ नये.