‘बिलात बघू’ची तीन वर्षे

बारामतीहून इंदापूरला जाताना सणसरच्या पुढे रस्त्यालगत एक मोठे गोदाम आहे. २०१६च्या उन्हाळ्यात त्याचे पाये खोदले गेले आणि २०१९च्या उन्हाळ्यात त्या पायांच्या पैशांचा वाद मिटला. मी ठेकेदारांची मोजमापे आणि बिले तयार करण्याचे काम करतो. या वादात मी शेवटच्या वर्षी आलो. तोवर दोन्ही बाजूंचे बोलणे वकिलांमार्फत चालू झाले होते.

हा सगळा नीरा डाव्या कालव्याखालचा, काळ्या मातीचा पट्टा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे पाया तिच्यावर टेकवून चालत नाही. खालचा मुरूम गाठावाच लागतो. नकाशात चाळीस पायांची खोली दीड मीटर दिली होती. आधी घेतलेल्या दोन चाचणी खड्ड्यांत तेवढ्यावर मुरूम लागला होता. प्रत्यक्ष खोदाईत मात्र बहुतेक ठिकाणी दीड मीटरलाही काळी मातीच निघाली.

साइट इंजिनिअर डिप्लोमा करून आलेला, पंचविशीतला मुलगा होता. त्याने लगेच मालकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरला बोलावले. दोघांनी खड्ड्याच्या काठावरून पुण्याच्या आरसीसी कन्सल्टंटला फोन लावला. उत्तर आले, “मुरूम लागेपर्यंत खाली जा. वरचा भाग पीसीसीने भरून मूळ लेव्हलला या, फुटिंग तिथेच ठेवा.” पैशांचे विचारले तेव्हा मॅनेजर म्हणाले, “काम थांबवू नकोस, बिलात बघू.” पाऊस तोंडावर होता. तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते. ती येण्याआधी खड्डे बुजवायचे, नाहीतर पाणी भरून कडा ढासळतील आणि रस्त्याच्या गर्दीत माल येणार नाही, याची सगळ्यांनाच घाई होती.

निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. आजवर त्या गोदामाच्या एकाही खांबाला तडा नाही. वाद उभा राहिला तो पुढच्या कागदांमुळे. ठेकेदाराच्या बारामतीच्या ऑफिसातल्या बिलिंग क्लार्कने दुसरे चालू बिल नेहमीप्रमाणे नकाशावरून काढले आणि खोली दीड मीटरच धरली. साइटवरच्या जादा कामाची चिठ्ठीही ऑफिसला गेली नव्हती. मालकाकडून ते बिल पास झाले, पैसेही आले. जादा कामाची मागणी पहिल्यांदा दिसली ती अकरा महिन्यांनी, अंतिम बिलात. सरासरी १.२ मीटर जादा खोली, खड्डा दोन बाय दोन मीटरचा, पाये चाळीस, म्हणजे १९२ घनमीटर. पीसीसी ४,८०० रुपयांनी आणि खोदाई २५० रुपयांनी धरून रक्कम झाली ९,६९,६०० रुपये.

तोवर प्रोजेक्ट मॅनेजर नोकरी सोडून गेले होते. कन्सल्टंटला फोन आठवत होता, पण “मी सल्ला दिला, खर्चाला मंजुरी दिली नाही” असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. मालकाच्या वकिलांनी तीन मुद्दे मांडले. करारानुसार जादा काम लेखी आदेशाशिवाय करायचे नाही. ठेकेदाराने जागा पाहूनच दर भरले होते. आणि चालू बिलात त्याने स्वतःच दीड मीटर खोली लिहून दिली होती. तिसरा मुद्दा सगळ्यात जड होता, कारण तो ठेकेदाराच्याच सहीचा होता. ठेकेदाराची नऊ लाखांची अनामतही त्या वादात अडकली. त्याने इंजिनिअरचा शेवटचा पगार रोखला. पोरावर साइटवरचे सिमेंट विकल्याचा संशय घेतला गेला, आणि माझ्या मते हेच या प्रकरणातले सगळ्यात मोठे नुकसान होते.

कायदा अशा माणसाला अगदी उघड्यावर सोडत नाही. १९४४ साली बंगालमध्ये एका ठेकेदाराने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आरामबाग भागात गोदामे आणि इतर बांधकामे केली. सरकारी करारासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळली गेली नव्हती. बी. के. मंडल आणि सन्स यांच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१च्या डिसेंबरात ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. आधार होता भारतीय करार कायद्याचे कलम ७०: फुकट करण्याच्या हेतूने न केलेले काम समोरच्याने स्वीकारून त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. पण या कलमाला मर्यादा आहेत. मूळ लेखी करारातच त्या कामाची सोय असेल, तर कलम ७० कडे वळता येत नाही. आणि काम किती झाले, हे मागणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. शिवाय पैशांची मुदत ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. आमची ती मुदत संपत आली होती.

मी गेलो तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरला होता: जमिनीखाली पीसीसी किती आहे? फोटो होते, पण एकातही खड्ड्यात स्टाफ उभा धरलेला नव्हता. खोली दिसत होती, मोजता येत नव्हती. दोन्ही बाजूंना मी एक तोडगा सुचवला. दोघांनी मिळून चार पाये निवडायचे आणि त्यांच्या कडेने खाली उकरायचे. चार ठिकाणी जादा पीसीसीची जाडी निघाली ०.९, १.१, १.२ आणि ०.८ मीटर. सरासरी एक मीटर, म्हणजे चाळीस पायांचे १६० घनमीटर. मग गोदामपालाचे सिमेंट रजिस्टर काढले. त्या पंधरवड्यात नकाशाप्रमाणे लागणाऱ्या सिमेंटपेक्षा सुमारे ५६० गोण्या जास्त गेल्या होत्या. १:४:८ च्या काँक्रीटला घनमीटरला साधारण ३.४ गोण्या लागतात, म्हणजे हिशेब १६५ घनमीटरच्या आसपास बसला. दोन वेगळ्या वाटांनी आकडा जवळजवळ एकच आला. सिमेंट विकल्याचा संशय तिथेच संपला.

तडजोड १६० घनमीटरवर झाली. पीसीसीचा दर ४,३०० रुपयांवर आला आणि खोदाई धरून ७,२८,००० रुपये ठरले, व्याज शून्य. अनामत सुटली. मागितलेल्या आणि मिळालेल्या रकमेतल्या फरकाचा मोठा भाग फुगवलेल्या मोजमापाचा होता, हे ठेकेदारालाही मान्य करावे लागले. अंदाजे धरलेला १.२ मीटरचा आकडा चुकीचा होता, आणि त्या चुकीमुळेच मालकाला सगळी मागणी खोटी वाटली होती.

हे सगळे टाळायला लागणारे काम लहान होते. पीसीसी ओतण्याआधी डम्पी लेव्हलने प्रत्येक खड्ड्याच्या तळाचे रीडिंग घ्यायचे, खांब नंबरासह वहीत लिहायचे आणि त्याच पानावर मालकाच्या माणसाची सही घ्यायची. त्याच संध्याकाळी एक पत्र किंवा ईमेल पाठवायचा: आज अमुक खांबांना दीड मीटरवर काळी माती लागली, अमुक साहेबांनी मुरमापर्यंत जाण्यास सांगितले, अंदाजे जादा खर्च इतका, हरकत असल्यास परवापर्यंत कळवावे. फिडिकच्या १९९९च्या करारनमुन्यात हीच पद्धत नियम म्हणून दिली आहे. तोंडी सूचनेची लेखी खातरजमा ठेकेदाराने दोन कामाच्या दिवसांत पाठवली आणि इंजिनिअरने पुढच्या दोन कामाच्या दिवसांत लेखी उत्तर दिले नाही, तर ती खातरजमाच लेखी आदेश ठरते. आपल्याकडच्या खासगी करारांत हे कलम क्वचितच असते. तरीही असे पत्र पुराव्याला उपयोगी पडतेच. दर त्यातून ठरत नाही, पण काम झाले का आणि किती झाले, यावर वाद उरत नाही.

तो इंजिनिअर पुढे रस्त्याच्या कामावर गेला. तिथे तपासणीच्या विनंतीवर सही झाल्याशिवाय एकही थर झाकता येत नाही. इतर पोरांना या कागदांचा कंटाळा येतो, त्याला येत नाही. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने मला सांगितले, “सर, झाकून जाणाऱ्या कामाची सही मी आधी घेतो. वर दिसणाऱ्या कामाची उद्या घेतली तरी चालते.” गोदामाच्या वादातून काढायचा धडा मलाही हाच वाटतो.